प्रत्येक ओळ एकटीच वाचली जाते: प्रथमोपचाराच्या व्हिडिओचा मेटाडेटा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा आहे. व्हिडिओ कसा करायचा, कॅमेरा कुठे लावायचा, यावर आज मी बोलणार नाही. व्हिडिओ तयार झाल्यावर अपलोड करताना ज्या रिकाम्या चौकटी भराव्या लागतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. शीर्षक, वर्णन, प्रकरणांच्या वेळा, टॅग, थंबनेलवरचे शब्द. या सगळ्याला मिळून मेटाडेटा म्हणतात. बहुतेक जण हे काम रात्री अकरा वाजता, कंटाळलेल्या अवस्थेत, पाच मिनिटांत उरकतात. मीही बरीच वर्षं तेच केलं.

उदाहरण म्हणून एकच व्हिडिओ घेऊ. विषय: भाजल्यावर करायचा प्रथमोपचार. लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद. असा एक व्हिडिओ आम्ही काही जणांनी मिळून केला होता. मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतला होता, चित्रीकरणही नीट झालं होतं. त्याला मी शीर्षक दिलं, ‘प्रथमोपचार मालिका, भाग ३’. वर्णनात पहिले चार परिच्छेद मालिकेची ओळख, आभार आणि मागच्या भागांची आठवण. सगळ्यात खाली पायऱ्या, आणि त्याच्याही खाली डिस्क्लेमर.

काही महिन्यांनी ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. नातवाच्या हातावर चहा सांडला होता, त्यांनी मोबाइलवर शोधलं होतं. आमचा व्हिडिओ त्यांना माहीत होता, पण त्या घाईत सापडला नाही. जो सापडला त्याच्या थंबनेलवर टूथपेस्टची ट्यूब होती. त्यांनी टूथपेस्ट लावली. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की तो व्हिडिओ ‘टूथपेस्ट लावू नका’ असंच सांगणारा होता. पण त्यांनी तो उघडलाच नाही. चित्र पाहिलं आणि मोरीकडे न जाता बेसिनवरच्या ट्यूबकडे गेल्या.

मुलाचा हात पुढे बरा झाला. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि आज तीच सांगायला आलो आहे. मेटाडेटा कोणी सलग वाचत नाही. त्यातली प्रत्येक ओळ एकटीच वाचली जाते. शोधाच्या यादीत फक्त शीर्षक दिसतं. मोबाइलवर वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं ‘आणखी’वर बोट ठेवल्याशिवाय उघडत नाही. प्रकरणाचं नाव व्हिडिओच्या पट्टीवर सुटं दिसतं. म्हणून प्रथमोपचाराच्या बाबतीत कसोटी एकच: ही ओळ एकटी वाचून कोणी त्याप्रमाणे वागलं, तर इजा वाढेल का?

आता ही कसोटी एकेका चौकटीला लावून पाहू.

शीर्षक

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर त्यातलं पुढचंच काय ते दिसतं. तेव्हा महत्त्वाचं सुरुवातीला. इथे मराठीत एक खास अडचण येते. आपण ‘भाजणे’ म्हणतो ते दोन अर्थांनी. शेंगदाणेही भाजतात आणि हातही भाजतो. नुसतं ‘भाजणे’ शोधलं तर चकलीची भाजणी आणि वांगं कसं भाजावं हे वर येतं. काही भागांत लोक ‘पोळलं’ म्हणतात, तिथे पोळी आडवी येते. ‘चटका’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा, पण मोठं भाजलं तर त्याला कोणी चटका म्हणत नाही.

यावर उपाय म्हणजे शीर्षकात प्रसंग लिहायचा. घरात भाजतं कशाने? चहा, गरम पाणी, तेल, कुकरची वाफ. घाबरलेला माणूस रोगाचं नाव शोधत नाही, तो जे घडलं ते टाइप करतो. म्हणून आम्ही शीर्षक बदललं:

```
भाजल्यास प्रथमोपचार: अंगावर गरम चहा, पाणी, तेल सांडल्यास काय करावे
```

यात ‘प्रथमोपचार’ हा शब्द लगेच येतो, त्यामुळे स्वयंपाकाच्या व्हिडिओंपासून हा वेगळा पडतो. आणि यात काय नाही तेही बघा. ‘घरच्या घरी बरे करा’ नाही. ‘डाग राहणार नाही’ नाही. ‘पाच मिनिटांत आराम’ नाही. शीर्षकात असा दावा केला की खाली कितीही लांब डिस्क्लेमर लिहा, तो उपयोगाचा नाही. कारण शीर्षक हजार जणांनी वाचलेलं असतं आणि डिस्क्लेमर फार तर दहा जणांनी. वरच्या ओळीतलं आश्वासन खालच्या ओळीतून परत घेता येत नाही.

पहिल्या दोन ओळी

वर्णनाच्या दिसणाऱ्या ओळींत दोनच गोष्टी बसतात: मदत कधी बोलवायची आणि आत्ता हाताने काय करायचं. आमची पहिली सुधारणा अशी होती: ‘जास्त भाजले असल्यास १०८ ला फोन करा. कमी भाजले असल्यास २० मिनिटे पाणी घाला.’ वाचायला ठीक वाटतं. मसुदा डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी दोन चुका काढल्या.

पहिली चूक: ‘जास्त’ म्हणजे किती? घाबरलेल्या आईला सगळंच जास्त वाटतं, आणि कामावर जायची घाई असलेल्या माणसाला सगळंच कमी वाटतं. मोजता येईल असं काहीतरी हवं. म्हणून आम्ही रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताचं माप घेतलं, बोटांसकट. भाजलेला भाग त्याहून मोठा असेल तर दवाखाना गाठायचा. लहान मुलाचा तळहात लहान, म्हणून त्याचं मापही लहान. हे माप कुणालाही कळतं, त्याला टक्केवारी लागत नाही.

दुसरी चूक जास्त घातक होती. ‘जास्त असेल तर फोन, कमी असेल तर पाणी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, फोन केला म्हणजे पाणी नको. लोक पाणी थांबवून रुग्णवाहिकेची वाट बघत बसतील. वास्तविक दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. गरम वस्तू बाजूला झाली तरी कातडीतली उष्णता लगेच जात नाही, ती आत आत मुरत राहते आणि खालच्या थरांना इजा करते. थंड पाणी ती उष्णता बाहेर ओढतं. म्हणूनच दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं. आणि सुरुवातीला जमलं नाही, तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंतही पाण्याचा उपयोग होतो.

मग ओळी अशा झाल्या:

```
भाजलेला भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ नको.
श्वासाला त्रास, बेशुद्धी, चेहरा किंवा मोठा भाग भाजला: पाणी चालू ठेवून 108 किंवा 112 ला फोन करा.
विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, तोवर रुग्णाला हात लावू नका.
```

पाहा, पहिली ओळ एकटी वाचली तरी इजा वाढत नाही. दुसरी एकटी वाचली तरी पाणी थांबत नाही. तिसरी ओळ कदाचित घडीत लपेल, पण विजेची गोष्ट सोडता येत नाही, कारण तिथे मदत करणाराच मरू शकतो. म्हणून तीच सूचना आम्ही व्हिडिओच्या पहिल्या चाळीस सेकंदांतही बोलून टाकली.

एक लहानशी पण कामाची गोष्ट. वर्णनात आपत्कालीन क्रमांक इंग्रजी आकड्यांतच लिहा. आपल्या लेखांत आपण १०८ लिहितो, ते योग्यच आहे. पण मोबाइलच्या डायलपॅडवर जे आकडे असतात तेच समोर दिसले, तर थरथरत्या हाताने ते दाबायला सोपं जातं. महाराष्ट्रात १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, तर ११२ हा देशभराचा एकत्रित आपत्कालीन क्रमांक. आपले मराठी प्रेक्षक बाहेरही आहेत. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. हे सगळे वर देऊ नका, गोंधळ होतो. खाली एक ओळ पुरे: ‘भारताबाहेर असाल तर तिथला आपत्कालीन क्रमांक लावा’, आणि पुढे हे तीन.

पायऱ्या आणि वेळा

आता प्रकरणं. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओची पट्टी तुकड्यांत विभागली जाते. त्याचे नियम साधे आहेत. पहिली वेळ ०:०० असली पाहिजे, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात, आणि कोणताही तुकडा दहा सेकंदांपेक्षा लहान नको. यातला एक नियम जरी मोडला तरी प्रकरणं बनत नाहीत, आणि चूक दाखवणारा संदेशही समोर येईलच असं नाही. वेळासुद्धा इंग्रजी आकड्यांतच लिहा, देवनागरी आकडे ओळखले जातीलच असा भरवसा धरू नका.

आमची यादी आधी अशी होती: ‘पाणी’, ‘दागिने’, ‘झाकणे’, ‘टूथपेस्ट, हळद, तूप’, ‘डॉक्टर’. सुटसुटीत वाटते ना? आता आपली कसोटी लावा. व्हिडिओ सुरू असताना पट्टीवर बोट फिरवलं आणि ‘टूथपेस्ट, हळद, तूप’ एवढंच दिसलं. काय समजायचं? ताईंच्या बाबतीत जे चित्राने केलं, तेच इथे माझ्या शब्दांनी केलं असतं. नकार नावातच हवा. दुरुस्त केलेली यादी:

```
0:00 108 ला फोन कधी करावा
0:40 पायरी 1: गरम वस्तू, आग, वीज यांपासून दूर करा
1:10 पायरी 2: 20 मिनिटे थंड पाणी
2:45 पायरी 3: बांगड्या, अंगठी काढा; चिकटलेला कपडा ओढू नका
3:40 पायरी 4: स्वच्छ कापडाने सैल झाका
4:30 टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ लावू नका
5:30 दवाखान्यात कधी जावे
```

प्रत्येक पायरीला एक क्रियापद किंवा एक माप आहे. तिसरी पायरी बघा, तिच्यात दोन गोष्टी आहेत. बांगड्या आणि अंगठी लगेच काढायची, कारण भाजलेला भाग थोड्या वेळात सुजतो आणि मग ती निघत नाही, रक्ताचा प्रवाह अडकतो. पण कातडीला चिकटलेला कपडा ओढला तर कातडीही सोबत येते. फक्त ‘कपडे, दागिने काढा’ लिहिलं असतं तर अर्धा सल्ला बरोबर आणि अर्धा घातक झाला असता.

दुसऱ्या पायरीवर गावाकडून एक शंका आली आणि ती रास्त होती. वीस मिनिटं वाहतं पाणी आणायचं कुठून? ज्या घरी पाणी चार दिवसांनी येतं, त्यांना हा सल्ला थट्टा वाटतो. म्हणून पायऱ्यांच्या खाली एक ओळ घातली: ‘नळ नसेल तर स्वच्छ साध्या पाण्याची बादली घेऊन तांब्याने हळूहळू ओतत राहा.’ धार मोठी लागत नाही. पाणी सतत अंगावरून जात राहिलं पाहिजे, इतकंच. आणि लहान मूल असेल तर फक्त भाजलेला भाग भिजवायचा, बाकीचं अंग कोरडं आणि पांघरलेलं ठेवायचं, नाहीतर मूल गारठतं. ही ओळही तिथेच.

वेळांच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे व्हिडिओ नंतर कापला जातो. आम्ही सुरुवातीची संगीताची बारा सेकंदं काढली आणि वेळा बदलायला विसरलो. मग ‘पायरी २’वर गेलं की वाक्य मध्येच सुरू व्हायचं: ‘...लावू नका, तर पाणी घ्या.’ अपलोड झाल्यावर मोबाइलवर प्रत्येक वेळ एकदा दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पायरीचं पहिलं वाक्य पूर्ण ऐकू आलं तर बरोबर.

डिस्क्लेमर

आता ज्याची लोकांना सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. बहुतेक ठिकाणी एकच साचा चिकटवलेला असतो: ‘ही माहिती केवळ शैक्षणिक हेतूने असून कोणत्याही परिणामास आम्ही जबाबदार नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला वाचवायला लिहिलेलं आहे. भाजलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

‘हा व्हिडिओ वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही’ हे वाक्य खरं आहे, ते हवंच. पण त्याला ठोस सीमा द्या. प्रथमोपचार कुठे संपतो आणि डॉक्टरांचं काम कुठे सुरू होतं, हे त्या त्या विषयात वेगळं असतं. भाजण्याच्या बाबतीत आम्ही असं लिहिलं:

```
हा व्हिडिओ दवाखान्यात पोहोचेपर्यंतच्या मदतीसाठी आहे; उपचारांची जागा घेत नाही.
जखम किती खोल आहे, कोणते औषध लावावे, धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर ठरवतील.
डॉक्टरांना दाखवा: भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा; चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले; बाळ किंवा वृद्ध; वीज किंवा रसायन; कातडी पांढरी किंवा काळी पडली.
```

शेवटच्या भागाकडे लक्ष द्या. पांढरी किंवा काळी पडलेली कातडी बऱ्याचदा दुखत नाही, कारण तिथल्या संवेदनाच गेलेल्या असतात. लोक म्हणतात, ‘दुखत नाही म्हणजे फार नाही.’ उलट असतं. हे डिस्क्लेमरमध्ये आलं की डिस्क्लेमर स्वतःच उपयोगी पडतो. तो मग नुसता हात झटकत नाही, माणसाला योग्य दारात नेऊन सोडतो.

त्याच्याखाली आणखी एक ओळ: मजकूर कोणी तपासला, म्हणजे कोणत्या विषयाच्या डॉक्टरांनी, आणि कोणत्या महिन्यात व वर्षात. प्रथमोपचाराचे सल्ले बदलतात. तारीख नसलेला आरोग्याचा व्हिडिओ बघणाऱ्याला तो जुना आहे की नवा, हे कळायला मार्ग नसतो.

टॅग आणि थंबनेल

टॅगवर फार वेळ घालवू नका. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा कमी असतो, ते मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगसाठी कामाला येतात. आपल्याकडे त्याचा एक नेमका उपयोग आहे: मराठी माणूस रोमन लिपीत मराठी टाइप करतो, आणि प्रत्येक जण वेगळं टाइप करतो.

```
bhajlyavar kay karave, bhajalyavar upay, chatka basla, हात भाजला, पोळलं, प्रथमोपचार
```

इथेही कसोटी आहेच. जास्त लोक यावेत म्हणून ‘भाजल्यावर टूथपेस्ट’ असा टॅग किंवा हॅशटॅग टाकायचा मोह होतो. हॅशटॅग शीर्षकाजवळ दिसू शकतात, आणि तिथे तो सल्ला म्हणून वाचला जाईल. टाकू नका.

थंबनेलवर जे करायचं त्याचंच चित्र: नळाखाली धरलेला हात आणि ‘२० मिनिटे पाणी’ एवढे शब्द. टूथपेस्टवर लाल फुली मारून दाखवली तरी मोबाइलच्या लहान चित्रात फुली हरवते आणि ट्यूब उरते.

आता श्रोत्यांचे प्रश्न.

प्रश्न: आम्ही आरोग्यसेविकांसाठी एकाच व्हिडिओत भाजणं, रक्तस्राव, घास अडकणं असं सगळं घेतलं आहे. मग शीर्षकात प्रसंग कसा लिहायचा?

उत्तर: शिकण्यासाठी एकत्र व्हिडिओ चांगला, पण प्रसंगाच्या वेळी तो कामाचा नाही. जमलं तर त्याच चित्रीकरणाचे वेगळे तुकडे करून वेगळे अपलोड करा. नाही जमलं तर प्रकरणाच्या नावात प्रसंग लिहा: ‘घास अडकला, बोलता येत नाही’, ‘जखमेतून रक्त थांबत नाही’. आणि एक पाहा, घास अडकलेल्या माणसाकडे वर्णन वाचायला वेळच नसतो. त्या विषयाचा व्हिडिओ आधीच बघून ठेवायचा असतो, हे तिथे स्पष्ट लिहा.

प्रश्न: इतकं सगळं वर लिहिलं तर आमच्या संस्थेचं नाव, आभार कुठे जाणार?

उत्तर: तळाशी. ज्याला कृतज्ञता वाटेल तो दुसऱ्या दिवशी शांतपणे खाली जाऊन वाचेल. त्या रात्री त्याचं बोट ज्या ओळीवर पडेल, ती पाण्याची असू दे.